स्टेप काउंटर दिवसभर शून्य, मग एकदम दहा हजार. परवानगी, बॅटरी की सेन्सर?

निळाई | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. गुडघ्याच्या दुखापतीनंतर फिजिओथेरपिस्टने मला चालायला लावलंय. ३,००० पावलांपासून सुरुवात आणि दर आठवड्याला ५०० ची वाढ. आता पाचवा आठवडा, म्हणजे ५,००० च्या आसपास रोज चालायचं. त्याहून फार कमी नको आणि फार जास्तही नको, असं त्यांनी बजावून सांगितलंय.

फोन अँड्रॉइड १४ चा आहे. ॲप जुनंच, दोन वर्षांपासून वापरतेय. गेले दोन आठवडे ते काहीच्या काही आकडे दाखवतंय. मागच्या आठवड्याचे बघा: सोमवारी ४,८७०, मंगळवारी ०, बुधवारी १०,९३०, गुरुवारी ०, शुक्रवारी ५,०२०. मी पाचही दिवस तेवढंच चालले. तोच रस्ता, तोच वेळ, फोन त्याच खिशात.

तक्ता बघून फिजिओ म्हणाल्या, "दोन दिवस दांडी मारलीत आणि बुधवारी दुप्पट चाललात, म्हणून गुडघा सुजला." सूज खरी आहे, पण दुप्पट चाललेले नाही हो मी! हे त्यांना कसं पटवू?

परवानगी तपासली, `Physical activity` ला `Allow` आहे. ॲप काढून परत टाकलेलं नाही, कारण दोन वर्षांच्या नोंदी जातील अशी भीती वाटते.

---

वाटसरू | सोमवार, रात्री ९:५२

लोकेशन चालू आहे का? माझंही बंद होतं तेव्हा असंच व्हायचं.

---

खटपट्या | सोमवार, रात्री १०:०५

हा सरळ सरळ बॅटरीचा प्रकार आहे. ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून ठेवा, `App info` मध्ये जा, तिथे `Battery`, आणि `Unrestricted` निवडा. बहुतेक फोनमध्ये ते `Optimized` वर असतं. माझ्या दोन्ही फोनवर एवढ्यानेच काम झालं. उद्या सकाळी इथे येऊन "झालं" म्हणून लिहा.

---

निळाई | मंगळवार, रात्री ८:१५

वाटसरू, लोकेशन चालूच असतं.

खटपट्या, "झालं" लिहायला आले असते तर फार बरं वाटलं असतं. काल रात्रीच `Unrestricted` केलं. आज दिवसभर होम स्क्रीनवरच्या चौकोनात ०. आत्ता फिरून आल्यावर ॲप उघडलं, तरी पहिले चारपाच सेकंद ० च, आणि मग डोळ्यांसमोर आकडा टुणकन ५,१३० वर गेला.

---

पायवाट | मंगळवार, रात्री ९:०२

निळाईताई, तुमच्या शेवटच्या वाक्यात अर्धं निदान आहे. मी सेन्सर वाचणाऱ्या ॲपवर काही वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वीजमीटर डोळ्यांसमोर आणा. मीटर भिंतीवर आपलं आपण फिरत असतं. महिन्यातून एकदा माणूस येतो, आकडा लिहून घेतो, त्यातून मागचा आकडा वजा करतो आणि बिल काढतो. फोनमध्येही असंच आहे. पावलं मोजणारा सेन्सर हे मीटर, आणि तुमचं ॲप हा रीडिंग घ्यायला येणारा माणूस. सेन्सरला "आज" किंवा "काल" कळत नाही. फोन चालू झाल्यापासून एकूण किती पावलं, एवढाच एक वाढत जाणारा आकडा त्याच्याकडे असतो. दिवसांची वाटणी करायचं काम ॲपचं.

उघडल्याबरोबर ५,१३० आले, याचा अर्थ मीटर दिवसभर फिरत होतं. परवानगी नसती तर ॲपला मीटरजवळच जाता आलं नसतं. उघडून तासभर बसलात तरी शून्यच राहिलं असतं. म्हणजे तुमची परवानगी ठीक, सेन्सर ठीक. रीडिंग घेणारा माणूस मात्र दिवसभर झोपलेला असतो आणि तुम्ही दार वाजवलंत की उठतो.

आता तुमचा मंगळवार-बुधवार बघा. ० आणि १०,९३०. दोन्ही मिळून दोन दिवसांचं तुमचं चालणं बरोबर भरतं. मंगळवारी मध्यरात्री रीडिंग घ्यायला कुणी उठलंच नाही. बुधवारी तुम्ही ॲप उघडलंत, तेव्हा त्याने नव्या आकड्यातून सोमवारचा आकडा वजा केला आणि सगळं बुधवारच्या नावावर टाकलं.

गुरुवारचं शून्य मात्र याने सुटत नाही. ती पावलं शुक्रवारी यायला हवी होती, पण शुक्रवारी ५,०२० च आहेत. म्हणजे गुरुवार कुठेतरी खरोखर हरवला. गुरुवारी रात्री फोन बंद करून चालू केला होता का? मीटरचा आकडा फोन रीस्टार्ट झाला की परत शून्यापासून सुरू होतो.

आणि वाटसरू, लोकेशनचा पावलांशी संबंध नाही. त्यावर अंतर आणि नकाशावरचा रस्ता अवलंबून असतो. काही ॲप लोकेशन मिळालं की जागी राहतात, त्यामुळे तुमच्याकडे तसा फरक पडला असेल.

---

सत्तरी_पार | मंगळवार, रात्री ९:३०

माझेही तीन दिवसांपासून शून्य आहे. मुलाने त्याचा जुना आयफोन दिला. वर लिहिलेले `App info` शोधून शोधून दमलो, मला कुठेच दिसत नाही. बॅटरी तर ९० टक्के आहे.

---

अर्धविराम | मंगळवार, रात्री ९:४८

काका, वरचं सगळं अँड्रॉइडचं आहे, आयफोनमध्ये ते सापडणार नाही. तुम्ही `Settings` मध्ये `Privacy & Security`, त्यात `Motion & Fitness` बघा. सगळ्यात वर `Fitness Tracking` असं बटण आहे, ते हिरवं हवं. त्याच्याखाली ॲपची यादी येते, तिथे तुमच्या ॲपपुढचं बटणही हिरवं हवं. दोन्ही लागतात.

---

सत्तरी_पार | मंगळवार, रात्री १०:१०

अर्धविराम, वरचे हिरवे होते, खालचे नव्हते. केले. मागच्या तीन दिवसांची पावलेसुद्धा आली! बंद असताना ती कुठे होती?

---

पायवाट | मंगळवार, रात्री १०:२२

काका, वरचं बटण चालू होतं हे नशीब. आयफोन पावलं स्वतःच मोजतो आणि मागचे सात दिवस तारीखवार जपून ठेवतो. ॲपला परवानगी मिळाली की ते मागचं मागून घेतं. वरचं `Fitness Tracking` च बंद असतं तर मोजणीच झाली नसती आणि काही परत आलं नसतं.

निळाईताईंचा त्रास आयफोनवर सहसा दिसत नाही तो यामुळेच. तिथे ॲप झोपलं तरी तारखा सिस्टिमने सांभाळलेल्या असतात. अँड्रॉइडच्या सेन्सरकडे तारखा नाहीत, फक्त बेरीज आहे.

---

अर्धविराम | मंगळवार, रात्री १०:४०

पण पायवाट, मला मूळ मोजणीवरच विश्वास नाही. मी एकदा तोंडाने मोजत १०० पावलं चालले. फोन पँटच्या खिशात होता तेव्हा ९७ दिसली. खांद्यावरच्या मोठ्या पिशवीत ७०. बाळाची ढकलगाडी दोन्ही हातांनी धरून, फोन गाडीच्या कप्प्यात ठेवून चालले तर चक्क ०! आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीने आले की काही न चालता दीडदोनशे जमा. मग असल्या आकड्यावर कुणाच्या गुडघ्याचं गणित कशाला बांधायचं?

---

पायवाट | मंगळवार, रात्री ११:०५

तुमचा प्रयोग छान आहे आणि आकडेही पटण्यासारखे आहेत. सेन्सर पाऊल बघत नाही, फोनला बसणारा ठरावीक लयीचा हिसका बघतो. ढकलगाडीत फोनला तो हिसका मिळत नाही, खड्ड्यात उगाच मिळतो. शिवाय हिसक्यांची सलग मालिका दिसल्याशिवाय तो बहुधा मोजायला लागत नाही, म्हणून घरातल्या घरात चार पावलं इकडे, तीन तिकडे केलेली पुष्कळदा धरली जात नाहीत.

पण हा दोष वेगळा. फोन रोज त्याच खिशात असेल तर तो रोज साधारण तेवढाच चुकतो, आणि आठवड्याला ५०० वाढवायला तेवढं पुरतं. निळाईताईंचा आकडा दोनचार टक्क्यांनी चुकत नाहीये, अख्खे दिवस गायब होतायत.

---

खटपट्या | बुधवार, सकाळी ७:३०

`Unrestricted` करूनही माणूस झोपलेलाच, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. सरळ ॲप काढा आणि नव्याने टाका. नाहीतर नोटिफिकेशन बंद असेल. ते बंद केलं की ॲप मागे चालत नाही.

---

पायवाट | बुधवार, सकाळी ८:१०

खटपट्या, काढू नका म्हणाल तर बरं. नोंदी फक्त फोनवर असतील तर ॲपबरोबर त्याही जातात. आधी खातं जोडलेलं आहे का आणि शेवटचं सिंक कधी झालं ते बघायला हवं.

नोटिफिकेशनचं म्हणणं अर्धं बरोबर. मागे जागं राहायला ॲपला एक सेवा सतत चालू ठेवावी लागते आणि तिची सूचना वर दिसते. अँड्रॉइड १३ पासून ती सूचना बोटाने सरकवून टाकता येते, सेवा मात्र चालूच राहते. म्हणजे ती दिसत नाही म्हणून काम बंद, असं नाही. वरून पट्टी ओढल्यावर `active apps` अशी यादी असते, तिथे `Stop` दाबलं तर मात्र ॲप खरोखर थांबतं.

---

वाटसरू | बुधवार, सकाळी ८:२५

अरेच्चा! मी रोज झोपताना त्या यादीत जाऊन सगळ्यांवर `Stop` दाबतो. बॅटरी वाचते असं वाटायचं. म्हणजे माझ्या सकाळच्या पावलांचा चोर मीच!

---

निळाई | बुधवार, सकाळी ९:००

पायवाट, गुरुवारी रात्री मी फोन बंद केला नव्हता. अगदी नक्की सांगते.

आता मी काय तपासू? वहीत लिहून ठेवायची माझी तयारी आहे.

---

पायवाट | बुधवार, सकाळी ९:२५

वही काढाच. सेन्सरचे कच्चे आकडे दाखवणारं कुठलंही साधं ॲप घ्या, त्यात `Step counter` नावाची ओळ असते. त्या ॲपलाही `Physical activity` ची परवानगी लागेल, नाहीतर ते बापडंही शून्य दाखवेल. तिथला आकडा म्हणजे मीटर. काल रात्रीचं रीडिंग आपल्याकडे नाही, पण तुम्ही सकाळपासून फार हिंडला नसाल तर आत्ताचं चालेल.

आज रात्री मीटर लिहा आणि तुमचं नेहमीचं ॲपही उघडा. उद्या फक्त मीटर लिहा, नेहमीचं ॲप अजिबात उघडू नका. परवा सकाळी उठल्याउठल्या दोन्ही बघा. चालून आल्यावर पंधराएक सेकंद थांबून मग आकडा लिहा, शेवटची पावलं जरा उशिरा जमा होतात.

एक प्रश्न राहिला. हे दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालं म्हणता. त्या वेळी काय बदललं? अपडेट, नवीन ॲप, काहीही.

---

निळाई | बुधवार, सकाळी ९:४०

काहीच बदललं नाही. वही घेतली. आत्ताचं मीटर १८,४२०. अंथरुणातून उठून खुर्चीत बसलेय, एवढीच हालचाल.

---

कळफलक | बुधवार, दुपारी १:१५

लॅपटॉपला फोन जोडता येत असेल आणि `USB debugging` चालू करायची तयारी असेल, तर अंदाज बांधत बसायची गरज नाही. मी हे दोन आदेश देते. पहिल्याने फोनमध्ये पावलांचा सेन्सर आहे का ते कळतं, दुसऱ्याने अँड्रॉइडने ॲपला कोणत्या कप्प्यात टाकलंय ते. शेवटी तुमच्या ॲपचं पॅकेज नाव घाला.

```
adb shell "dumpsys sensorservice | grep -i step"
adb shell am get-standby-bucket com.example.steps
```

दुसऱ्याचं उत्तर १० आलं तर ॲप वापरात आहे. २०, ३०, ४० असं वाढत गेलं की त्याला कमी कमी वेळा उठू दिलं जातं, ४५ म्हणजे जवळपास कोंडून ठेवलेलं. `Unrestricted` केलेल्याला ५ दिसतं.

माझ्या स्वतःच्या फोनवर पहिला आदेश काहीच दाखवत नाही. सेन्सरच नाही. माझं ॲप हिसक्यांवरून स्वतः मोजतं, म्हणजे ते झोपलं की मीटरही बंद. मला पुन्हा उघडून काही मिळत नाही, गेली ती गेलीच. यावर काही उपाय असेल तर सांगा.

---

निळाई | शुक्रवार, सकाळी ७:४५

वही घेऊन आलेय. जसं लिहिलंय तसं देते.

बुधवार सकाळी मीटर १८,४२०. रात्री ९ ला २४,०७०. फरक ५,६५०. नेहमीच्या ॲपमध्ये उघडण्याआधी ०, उघडल्यावर बरोबर ५,६५०. एका पावलाचा फरक नाही! मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

गुरुवार रात्री ९:३० ला मीटर २९,३८०. म्हणजे गुरुवारची ५,३१०. सांगितल्याप्रमाणे ॲप उघडलं नाही.

आज शुक्रवार, सकाळी ७:१५ ला मीटर ६४.

चौसष्ट! मी दोनदा चष्मा पुसून बघितलं. ॲप उघडलं, तर गुरुवार ० आणि आज ६४. फोनला मी रात्री हातही लावलेला नाही.

भावाने काल लॅपटॉपला जोडून कळफलक यांचे आदेशही चालवले. पहिल्यात सेन्सरचं नाव आलं. दुसऱ्यात ५.

---

पायवाट | शुक्रवार, सकाळी ८:२०

फार सुरेख नोंदी आहेत, आता सगळं उलगडतंय.

मीटर २९,३८० वरून ६४ वर आलं, म्हणजे रात्री फोन रीस्टार्ट झाला. तुम्ही केला नाहीत, तर त्याने स्वतः केला. काही फोनमध्ये आठवड्यातल्या ठरावीक दिवशी पहाटे आपोआप रीस्टार्ट व्हायची सोय असते. सेटिंगमध्ये वर शोधायच्या चौकटीत `Auto restart` लिहा. मागच्या आठवड्यातही गुरुवारच हरवला होता, म्हणून हा माझा पहिला अंदाज.

रीस्टार्टच्या आधी ॲपने रीडिंग घेतलेलं असतं तर काही बिघडलं नसतं. ६४ दिसल्यावर "मीटर नव्याने सुरू झालं" एवढं त्याला कळतं. पण त्याने शेवटचं रीडिंग बुधवारी रात्री, तुम्ही उघडलंत तेव्हा घेतलं होतं. मधली ५,३१० कुणी लिहिलीच नाहीत आणि पहाटे ती पुसली गेली.

दुसरं, ५ हे उत्तर. म्हणजे अँड्रॉइडची बंदी तुमच्या ॲपवर नाही, खटपट्यांनी सांगितलेलं काम नीट झालंय. तरीही ते झोपतंय, तेव्हा फोन बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची वेगळी यादी आड येतेय. कुठे ती `Sleeping apps` आणि `Deep sleeping apps` या नावाने बॅटरीच्या पानावर असते, कुठे `Autostart` नावाचं बटण असतं. `Unrestricted` केलं की ती यादी आपोआप बदलेलच असं नाही.

आणि एक विचारतो. मधे बराच काळ ॲप उघडलं नव्हतं का?

---

निळाई | शुक्रवार, सकाळी ८:५५

`Auto restart` सापडलं. दर शुक्रवारी पहाटे ३. मी कधी लावलं आठवत नाही.

`Deep sleeping apps` मध्येही ॲपचं नाव आहे!

आणि हो, दुखापतीनंतर चार महिने मी अंथरुणाला खिळले होते. ॲप उघडायचं काही कारणच नव्हतं. पाच आठवड्यांपूर्वी उघडलं तेव्हा त्याने परवानगी पुन्हा मागितली होती. मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं, मी तर आधी दिली होती.

---

पायवाट | शुक्रवार, सकाळी ९:१५

विचित्र नाही, तो अँड्रॉइडचा नियम आहे. काही महिने ॲपला हात लावला नाही की दिलेल्या परवानग्या काढून घेतल्या जातात. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून हे आहे. उघडल्यावर तुम्ही परवानगी परत दिलीत, मीटर दिसायला लागलं. पण त्याच चार महिन्यांत फोनच्या कंपनीच्या यादीनेही ॲपला गाढ झोपवलं होतं, आणि तिथून नाव हाताने काढावं लागतं. परवानगीचं विचारायला खिडकी तरी समोर येते. या यादीचं कुणी विचारत नाही, म्हणून ती राहून गेली.

आता एवढं करा. त्या यादीतून नाव काढा आणि `Never sleeping` वाल्या यादीत घाला. `App info` मध्ये तळाला `Pause app activity if unused` किंवा `Manage app if unused` असं बटण असेल, ते बंद करा, म्हणजे पुन्हा काही महिने खंड पडला तरी परवानगी जाणार नाही. `Auto restart` ठेवायचं की नाही तुम्ही ठरवा. ॲप जागं राहायला लागलं की त्याचा फार त्रास होऊ नये, पण सध्या बंद ठेवा म्हणजे एका वेळी एकच गोष्ट तपासता येईल.

फक्त एक अडतंय. हे पाच आठवड्यांपासून आहे, मग त्रास दोन आठवड्यांपासूनच का?

---

निळाई | शुक्रवार, सकाळी ९:३५

थांबा. कळलं मला!

पहिले तीन आठवडे मी रोज रात्री ॲप उघडून तक्त्यात आकडा लिहायचे. मग फिजिओ म्हणाल्या, "रोज लिहायची गरज नाही, आठवड्याने एकदम भरा." तेव्हापासून मनात येईल तेव्हा उघडते. म्हणजे रोज रात्री मीच त्या माणसाला उठवत होते! आणि मी म्हणत होते, काहीच बदललं नाही.

---

पायवाट | शुक्रवार, सकाळी ९:४२

बरोबर. रोज रात्री उघडत होता म्हणून पहाटेच्या रीस्टार्टनेही काही हरवत नव्हतं. सगळं जुळलं.

---

खटपट्या | शुक्रवार, सकाळी १०:१०

पायवाट, मान गये. मी `Unrestricted` हीच शेवटची पायरी समजत होतो. माझ्या दोन्ही फोनमध्ये अशी वेगळी यादी नाही, म्हणून मला कधी अडलं नाही.

ज्यांना परवानगी पण बरोबर, बॅटरी पण बरोबर आणि तरी सगळ्याच ॲपमध्ये शून्य येतं, त्यांनी आणखी एक बघावं. `Developer options` चालू केलेल्या माणसाकडून `Sensors Off` हे बटण चुकून दाबलं जातं. माझ्या भाच्याचं झालं होतं. पावलंच नव्हे, स्क्रीनचं आडवंउभं होणंही थांबलं होतं, त्यावरून ओळखलं.

---

सत्तरी_पार | शुक्रवार, दुपारी ४:००

माझे आता दुप्पट दिसते. सकाळी फिरून आलो, ओळखीच्या रस्त्याला सहा हजार कधी लागत नाहीत. मुलाने घड्याळही दिले आहे.

---

अर्धविराम | शुक्रवार, संध्याकाळी ५:२०

काका, घड्याळ आणि फोन दोघंही तीच पावलं लिहितायत आणि ॲप दोन्हींची बेरीज करतंय असं दिसतंय. आयफोनच्या `Health` मध्ये `Steps` उघडून बघा, तिथला आकडा निम्मा असेल तर तो बरोबर, कारण तिथे एकाच वेळेची पावलं एकदाच धरतात. मग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन दोनपैकी एकच स्रोत ठेवा.

---

सत्तरी_पार | शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

`Health` मध्ये ३,०४०. तोच खरा वाटतो. ॲपमध्ये स्रोत निवडायची जागा अजून सापडलेली नाही, शोधतो आहे.

---

कळफलक | शुक्रवार, रात्री ९:३०

माझा प्रश्न मधेच राहिला. सेन्सर नसलेल्या फोनचं काय?

---

पायवाट | शुक्रवार, रात्री १०:००

राहिला खरा. तुमच्याकडे ॲपला पूर्ण वेळ जागं ठेवण्याला पर्याय नाही, आणि प्रोसेसर जागा राहिला की बॅटरी जास्त जाणारच. दिवसभर मोजण्याऐवजी फिरायला निघताना "सुरू" आणि आल्यावर "थांबा" असं वापरलंत तर फिरण्यापुरता आकडा बरा मिळेल. त्यापलीकडचा उपाय माझ्याकडे नाही. इतर कुणाला जमलं असेल तर लिहा.

---

निळाई | पुढचा शुक्रवार, रात्री ८:५०

आठवडाभर थांबून लिहितेय. सोमवार ते बुधवार ॲप मुद्दाम उघडलं नाही. गुरुवारी सकाळी उघडलं, तर तिन्ही दिवस आपापल्या जागी होते: ५,४८०, ५,३९०, ५,५६०. होम स्क्रीनवरचा चौकोनही आता चालता चालता वाढताना दिसतो. बॅटरी संध्याकाळपर्यंत पूर्वीसारखीच उरते, निदान मला फरक जाणवला नाही.

मग काल रात्री `Auto restart` पुन्हा चालू केलं, मुद्दाम. पहाटे फोन रीस्टार्ट झाला. गुरुवार शाबूत आहे. आज मात्र सकाळी उठल्यावर फोन अनलॉक न करता तासभर घरात वावरले, ती पावलं मीटरवर दिसतात आणि ॲपमध्ये नाहीत. शंभरएक असतील.

---

पायवाट | पुढचा शुक्रवार, रात्री ९:१५

रीस्टार्टनंतर पहिल्यांदा अनलॉक होईपर्यंत बहुतेक ॲपना सुरूच होता येत नाही. तुमचं ॲप सुरू झालं तेव्हा मीटरवर आधीच शंभर होती आणि त्याने तिथूनच मोजायला घेतलं असावं. दुसरी ॲप तीही पावलं धरतात. हे त्या त्या ॲपच्या लिहिणाऱ्यावर आहे, सेटिंगने बदलणार नाही.

तक्त्याचं काय झालं?

---

निळाई | पुढचा शुक्रवार, रात्री ९:३०

आज वही घेऊनच फिजिओंकडे गेले होते. मीटरचे आकडे दाखवले. त्यांनी त्या गुरुवारच्या शून्यावर काट मारली आणि स्वतःच्या हाताने ५,३१० लिहिलं. त्याआधीच्या मंगळवार-बुधवारच्या १०,९३० ची वाटणी कशी करायची यावर आमचं थोडं थांबलं, कारण तेव्हा मी मीटर लिहिलेलंच नव्हतं. शेवटी दोन्ही दिवसांना मिळून एक कंस काढला आणि आत १०,९३० ठेवलं. सूज कशाने आली ते आता नव्याने शोधायचंय. पुढचा आठवडा ५,००० वरच थांबायला सांगितलंय.